अर्धवट सामन्यांचा हिशेब: तालुका टी-२० लीगच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर

लीग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. गोव्यात तेव्हा पाऊस सरलेला असतो, पण गेलेला नसतो. दुपारी उकाडा, चारच्या सुमारास पूर्वेकडून मळभ, मग गडगडाट आणि अर्ध्या तासाची सर. खेळपट्टीवर ताडपत्री असते, पण बाकीच्या तांबड्या मातीच्या मैदानावर पाणी साचले की सामना पुन्हा सुरू व्हायला तासभर लागतो. शिवाय ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे रद्द आणि कमी षटकांचे सामने हा अपवाद नाही, दर हंगामात ते येणारच.

गेल्या हंगामाचा हिशेब एकाच शीटमध्ये होता आणि तिथेच घोटाळा झाला. 'हा सामना धरायचा का?' हा एकच प्रश्न विचारला जायचा. खरे तर ते तीन वेगळे प्रश्न आहेत. खेळाडूच्या नावावर सामना लागतो का? त्याच्या धावा आणि बळी सरासरीत येतात का? आणि निकाल गुणतक्त्यात व नेट रनरेटमध्ये, म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या धावगतीच्या फरकात, येतो का? तिन्हींची उत्तरे एकाच सामन्यासाठी वेगवेगळी येऊ शकतात.

म्हणून दोन वह्या. एक 'धाववही', जिच्यात मैदानात घडले तेच, एकही आकडा न बदलता. दुसरी 'तक्तावही', जिच्यात गुण आणि नेट रनरेटसाठी लागणारे आकडे, गरज पडेल तिथे बदललेले. धाववहीतून तक्तावहीत आकडा जाईल, उलट कधीच नाही.

१४ सप्टेंबर

सामना खेळला असे कधी म्हणायचे? नाणेफेकीनंतर की पहिला चेंडू पडल्यावर? आंतरराष्ट्रीय नोंदींत नाणेफेक झाली की सामना खेळाडूंच्या खात्यावर लागतो. आम्हीही तेच घेतले. कारण अगदी व्यवहारी आहे: नाणेफेकीआधी दोन्ही कप्तान अकरा जणांची यादी देतात, म्हणजे कोण खेळणार होते ते कागदावर असते. नाणेफेकच झाली नाही तर यादी नाही, मग सामना कोणाच्या नावावर लावणार?

यावर बराच खल झाला, पण खरे पाहता यातून सरासरीला धक्का लागत नाही. फलंदाजीची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होण्याची संख्या, गोलंदाजीची म्हणजे दिलेल्या धावा भागिले बळी. 'सामने' हा रकाना दोन्हीत कुठेच नाही.

२१ सप्टेंबर

आज खेळाडूंची सरासरी. एका संघाचा आग्रह असा की निकाल न लागलेल्या सामन्यातल्या वैयक्तिक धावा आणि बळी वगळावेत, 'कारण सामनाच झाला नाही'. हे मान्य केले नाही.

दाखला २०१९ च्या विश्वचषकातला. साउदॅम्प्टनला दक्षिण आफ्रिका विरुद्ध वेस्ट इंडिज सामना ७.३ षटकांनंतर पावसाने संपला. धावफलक २९ वर २. निकाल नाही, दोन्ही संघांना एकेक गुण. पण हाशिम आमला ६ धावांवर बाद झाला ते त्याच्या खात्यावर राहिले, शेल्डन कॉट्रेलचे दोन्ही बळी त्याच्या खात्यावर राहिले आणि क्विंटन डी कॉकच्या १७ धावा नाबाद म्हणून लागल्या. नेट रनरेटमध्ये मात्र त्या २९ धावा कुठेच नाहीत.

वगळण्याचा नियम केला तर काय होते ते एका फलंदाजावर करून पाहिले. पाच डाव: ३४, १२, नाबाद ५१, नाबाद १८ (हा पावसाने संपलेला सामना), ४०. बेरीज १५५, तीनदा बाद, सरासरी ५१.६७. पावसाचा सामना काढला तर १३७ भागिले ३, म्हणजे ४५.६७. 'बघा, फुकट सहा धावा वाढल्या' असे कोणी म्हणेल. पण त्याच सामन्यात दुसरा सलामीवीर २ धावांवर बाद झाला असेल तर त्याची सरासरी तितक्याच प्रामाणिकपणे खाली येते. फायदा मोजायचा आणि तोटा सोडायचा, किंवा ज्याला जे सोयीचे ते, असे चालत नाही.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. संपूर्ण लीगमध्ये फलंदाज जितक्या वेळा बाद झाले त्यातून धावबाद आणि गोलंदाजाच्या खात्यावर न जाणारे इतर बाद वजा केले की गोलंदाजांच्या बळींची बेरीज यायला हवी. ही ताळ्याची चाचणी आहे. निकाल न लागलेले सामने कोणी फलंदाजीतून काढले आणि गोलंदाजीतून काढायला विसरला, तर ताळा लगेच मोडतो. गेल्या वर्षीच्या शीटमध्ये नेमका तीन बळींचा फरक होता.

ठरले: चेंडू पडला की धाववहीत सगळे लागते. खेळ थांबला तेव्हा क्रीजवर असलेले दोघेही नाबाद. कमी षटकांच्या सामन्याला कमी वजन देण्याची सूचनाही नाकारली. पाच षटकांत ३० धावा करणे सोपे की कठीण, हे वजनाने ठरत नाही.

२२ सप्टेंबर

छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ज्याची फलंदाजीच आली नाही त्याच्या धावांच्या घरात ० टाकायचे नाही, घर रिकामे ठेवायचे. पावसाच्या सामन्यात असे सात-आठ जण असतात आणि प्रत्येकाला एक भोपळा फुकट मिळतो. `COUNT` रिकामे घर मोजत नाही, म्हणून सूत्र असे:

```
=IFERROR(SUM(C2:C20)/(COUNT(C2:C20)-COUNTIF(D2:D20,"नाबाद")),"-")
```

`C` मध्ये धावा, `D` मध्ये बाद होण्याचा प्रकार. एकदाही बाद न झालेल्याला सरासरी नसते, तिथे रेघ दिसेल. दुखापतीने परतलेला खेळाडूही `D` मध्ये 'नाबाद' असाच लिहायचा. 'नाबाद ' असे शेवटी एक जागा सोडून लिहिले तर सूत्र त्याला बाद समजते, त्यामुळे त्या रकान्यात हाताने टंकायचे नाही, यादीतून निवडायचे.

२८ सप्टेंबर

षटकांचा दशांश. स्कोअरबुकात ९.२ म्हणजे नऊ षटके दोन चेंडू, अर्थात ९.३३ षटके. शीटला हे कळत नाही. ८४ धावा ९.२ ने भागल्या तर ९.१३ येतात, खरे उत्तर ९.०० आहे. पूर्ण वीस षटकांच्या सामन्यांत ही चूक लपून राहते, कारण आकडा बहुधा पूर्णच असतो. सामना छाटला गेला की उघडी पडते. यापुढे तक्तावहीत षटके नाहीत, फक्त चेंडू:

```
=INT(B2)*6+ROUND((B2-INT(B2))*10,0)
```

५ ऑक्टोबर

पहिल्याच आठवड्यात एक सामना पाच षटकांचा झाला आणि नेट रनरेटवरून फोन सुरू झाले. चूक जुनीच: प्रत्येक सामन्याचा नेट रनरेट काढून त्यांची सरासरी घेतली जात होती. तसे केले की पाच षटकांचा सामना वीस षटकांच्या सामन्याइतका जड होतो.

समजा एका संघाने पाच षटकांचा सामना ६० विरुद्ध ३० असा जिंकला. त्या सामन्यापुरता फरक अधिक ६. पुढचा वीस षटकांचा सामना १३० विरुद्ध १५० असा हरला. फरक उणे १. दोन्हींची सरासरी अधिक २.५. हा आकडा बघून कोणालाही वाटेल की संघ धुमाकूळ घालतोय. बरोबर पद्धत म्हणजे हंगामाच्या एकूण केलेल्या धावा भागिले एकूण खेळलेली षटके, वजा एकूण दिलेल्या धावा भागिले एकूण टाकलेली षटके. केलेल्या १९० भागिले २५ म्हणजे ७.६०, दिलेल्या १८० भागिले २५ म्हणजे ७.२०. नेट रनरेट अधिक ०.४०. अडीच आणि शून्य पूर्णांक चार यांत अर्ध्या तक्त्याचा फरक आहे.

निकाल न लागलेला सामना यात नाही. त्याचे एकेक गुण मिळतात, बस्स.

१२ ऑक्टोबर

आजचा विषय सगळ्यात किचकट: दुसरा डाव छाटला गेला आणि निकाल डकवर्थ-लुईस-स्टर्न या पावसात लक्ष्य नव्याने ठरवणाऱ्या पद्धतीने लागला, तर पहिल्या संघाच्या कोणत्या धावा तक्तावहीत घ्यायच्या?

पद्धत आम्ही छापील तक्त्याची घेतली, संगणकावरची नाही. फार मोठ्या धावसंख्येला छापील तक्ता ढोबळ पडतो, पण मैदानात वीज नसली तरी कागद आणि कॅल्क्युलेटरवर चालतो आणि दोन्ही कप्तानांना दाखवता येतो. तक्त्यात पन्नास षटके आणि दहा गडी शिल्लक म्हणजे १०० टक्के साधने, अर्थात धावा करायची पूर्ण क्षमता. वीस षटके, एकही गडी न गमावता, म्हणजे ५६.६ टक्के. दहा षटके म्हणजे ३२.१ टक्के. षटके निम्मी झाली तरी साधने निम्म्यापेक्षा जास्त उरतात, कारण दहा गडी दहाच षटकांत वापरता येतात. म्हणूनच नुसत्या धावगतीने लक्ष्य छाटले की पाठलाग करणाऱ्याला फुकटचा फायदा होतो.

उदाहरण म्हणून साखळी आणि वाळपई या दोन गावांच्या संघांचा सामना मांडला. साखळी २० षटकांत ६ बाद १४८. मध्यंतरात पाऊस, वाळपईला १० षटके. १४८ गुणिले ३२.१ भागिले ५६.६ म्हणजे ८३.९. अपूर्णांक सोडून ८३, त्यात एक मिळवून लक्ष्य ८४. (नुसत्या धावगतीने ७५ झाले असते.) वाळपईने ९.२ षटकांत ४ बाद ८४ केल्या आणि सामना जिंकला.

धाववहीत साखळीच्या १४८ च राहतात. त्यांच्या सलामीवीराने ६२ केल्या असतील तर त्या ६२ च, त्याला छाटायचे कारण नाही. वाळपईच्या गोलंदाजांनीही १४८ च दिल्या.

तक्तावहीत मात्र साखळीच्या नावावर लक्ष्यापेक्षा एक कमी, म्हणजे ८३ धावा, आणि वाळपईला दिलेली षटके, म्हणजे १०. वाळपईच्या ८४ धावा ५६ चेंडूंत. साखळी ८.३०, वाळपई ९.००, फरक ०.७०. कच्चे आकडे तसेच टाकले तर साखळी १४८ भागिले २० म्हणजे ७.४० होते आणि फरक १.६० दिसतो. साखळीने सावकाश खेळ केला तो वीस षटके हातात आहेत या हिशेबाने. त्यांना दहा षटकांच्या मापाने तोलायचे तर धावाही दहा षटकांच्याच हव्यात.

याचा परिणाम हंगामावर किती? समजा याआधी साखळीच्या १०० षटकांत ७०२ धावा केलेल्या आणि १०० षटकांत ६९० दिलेल्या होत्या. बरोबर पद्धतीने: ७८५ भागिले ११० उणे ७७४ भागिले १०९.३३, म्हणजे अधिक ०.०५७. चुकीच्या पद्धतीने: ८५० भागिले १२० उणे तेच, म्हणजे अधिक ०.००४. समान गुणांचा दुसरा संघ अधिक ०.०३० वर बसला असेल तर उपांत्य फेरीचे नाव बदलते. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण होते, दोघांचा एकेक सामना पावसात गेला होता आणि न्यूझीलंड नेट रनरेटवरच पुढे गेला.

१३ ऑक्टोबर

कालच्याचा दुसरा अर्धा भाग. दुसरा डाव पूर्ण वीस षटकांच्या हिशेबाने सुरू झाला आणि मध्येच कायमचा थांबला तर? टी-२० मध्ये दुसऱ्या डावाची किमान पाच षटके झाली की निकाल लागतो. ४.५ वर थांबला तर नाही, फक्त त्याआधीच लक्ष्य गाठले किंवा सगळे बाद झाले तर गोष्ट वेगळी.

निकाल लागतो तेव्हा त्या क्षणाची 'पार' धावसंख्या लागते, म्हणजे तिथवर बरोबरीत राहायला हव्या तितक्या धावा. साखळी १४८, वाळपई १० षटकांत २ बाद ६१, मग धो धो. दहा षटके आणि आठ गडी शिल्लक म्हणजे ३०.८ टक्के साधने उरली, ५६.६ मधून २५.८ वापरली. १४८ गुणिले २५.८ भागिले ५६.६ म्हणजे ६७.४६, पार ६७. साखळी ६ धावांनी विजयी. तक्तावहीत साखळी ६७ धावा १० षटकांत, वाळपई ६१ धावा १० षटकांत.

तेव्हा वाळपईचे पाच गडी गेले असते तर उरलेली साधने २६.१, पार ७९. तीन गड्यांनी बारा धावांचा फरक! म्हणून पार धावसंख्येचा कागद दुसऱ्या डावाआधीच काढून दोन्ही कप्तानांना आणि पंचांना द्यायचा. पाऊस आल्यावर काढलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे. स्कोअररने खेळ थांबल्याक्षणी चेंडू, धावा, गडी लिहून दोन्ही पंचांची सही घ्यायची. शेवटच्या चेंडूवर गडी पडला की नाही यावर निकाल फिरतो.

पहिला डाव मध्येच थांबून छाटला गेला तर दुसऱ्या संघाची साधने जास्त होऊ शकतात. तेव्हा सूत्रात सरासरी धावसंख्येचा एक आकडा लागतो आणि तो पन्नास षटकांचाच हवा, कारण तक्त्याचे टक्के पन्नास षटकांचे आहेत. आमची वीस षटकांची सरासरी साधारण १४० आहे म्हणून १४० टाकले तर लक्ष्य चुकीने खाली येते. १४० भागिले ०.५६६ म्हणजे २४७, हा आकडा हंगामापुरता गोठवला.

१९ ऑक्टोबर

सामना सुरू होण्याआधीच १२-१२ षटकांचा ठरला तर डकवर्थ-लुईसचा संबंध नाही. पण शीटमध्ये एक जुना सापळा निघाला. संघ सर्वबाद झाला तर नेट रनरेटसाठी त्याची पूर्ण षटके धरतात आणि सूत्रात तिथे थेट २० लिहिलेले होते. १२ षटकांच्या सामन्यात ९ षटकांत सर्वबाद झालेल्या संघाला २० षटके लागली! आता प्रत्येक डावासमोर 'दिलेली षटके' असा वेगळा रकाना आहे. आधी छाटलेल्या सामन्यात १२, दुसऱ्या डावात छाटले तर छाटल्यानंतरचा आकडा.

२६ ऑक्टोबर

राखीव दिवस. अर्धवट सामना दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू झाला तर तो एकच सामना. नव्याने पहिल्या चेंडूपासून सुरू केला तर ते दोन सामने, आणि पहिल्यातल्या धावा, बळी धाववहीत राहतात. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात कोलंबोला असेच झाले. २९ सप्टेंबरला श्रीलंकेने पन्नास षटकांत ५ बाद २४४ केल्या, भारताची दोनच षटके झाली. ३० तारखेला पुन्हा पहिल्यापासून, श्रीलंका ७ बाद २२२, भारत ८.४ षटकांत १ बाद ३८, आणि पुन्हा पाऊस. दोन्ही सामने अधिकृत नोंदीत आहेत, भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते.

आमच्यासाठी: शक्यतो पुढे चालू ठेवायचे, नव्याने सुरू करणे फक्त खेळपट्टी बदलावी लागली तर.

२ नोव्हेंबर

एक संघ मैदानावर आलाच नाही. पाऊस नव्हता. हा रद्द सामना नव्हे, वॉकओव्हर आहे. दोन गुण समोरच्या संघाला. न आलेल्या संघाच्या नेट रनरेटमध्ये ० धावा आणि २० षटके लागतात, समोरच्याच्या नेट रनरेटमध्ये काहीच लागत नाही. त्याला फुकट मोठा विजय देणे तिसऱ्या संघावर अन्याय ठरेल. यामुळे केलेल्या धावांसाठी धरलेले चेंडू आणि दिलेल्या धावांसाठी धरलेले चेंडू यांचा लीगभराचा ताळा १२० ने मोडतो, ते मुद्दाम आहे आणि शीटमध्ये त्या घरावर तसे लिहून ठेवले. धावांचा ताळा मोडत नाही, तो मोडला तर चूक आहे.

९ नोव्हेंबर

बक्षिसांची पात्रता. फलंदाजीसाठी किमान पाच डाव आणि त्यांत किमान तीनदा बाद. नुसत्या डावांची अट ठेवली तर पावसातले नाबाद डाव जमवून एखाद्याची सरासरी शंभरावर जाते.

गोलंदाजीत अडचण उलटी आहे. आधी अट होती किमान १२ षटके. पण छाटलेल्या सामन्यात गोलंदाजाचा वाटाही छाटला जातो: दहा षटकांच्या डावात कोणालाही दोनच, बारा षटकांच्या डावात दोघांना तीन आणि बाकीच्यांना दोन. सत्तरी तालुक्याच्या बाजूचे दोन संघ यंदा पावसात जास्त अडकले, त्यांच्या चांगल्या गोलंदाजांना बारा षटके मिळालीच नाहीत. आता अट अशी: संघाने हंगामात टाकलेल्या एकूण चेंडूंचा किमान दहावा हिस्सा. ९२ षटके टाकलेल्या संघातला ११ षटकांचा गोलंदाज पात्र, १३४ षटके टाकलेल्या संघातला १२ षटकांचा अपात्र. या दुसऱ्याने आजच तक्रार केली आहे, आणि नियम हंगामाच्या मध्यावर बदलल्यामुळे त्याची तक्रार रास्त आहे. यंदापुरते दोन्ही अटींपैकी एक पुरी केली तरी चालेल, पुढच्या वर्षीपासून फक्त दहावा हिस्सा.